पहिल्या केबलवरचा हिशेब

डिस्प्लेपोर्ट १.२ हे मानक २०१० च्या सुरुवातीला आले आणि एका पोर्टवरून अनेक मॉनिटर चालवण्याची सोय, म्हणजे एमएसटी, त्यात पहिल्यांदा मिळाली. तेव्हापासून ‘एका पोर्टवर किती मॉनिटर?’ असेच विचारले जाते. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. संगणकातून निघणारी पहिली केबल साखळीतल्या सगळ्या मॉनिटरांची चित्रे एकत्र वाहते. पहिला मॉनिटर आपला वाटा ठेवून घेतो आणि उरलेले पुढे पाठवतो. हबही हेच वाटप करतो, फक्त ते एका डबीत होते. त्यामुळे मर्यादा ठरते ती या पहिल्या दुव्याच्या क्षमतेने. १.२ मध्ये चारही लेन मिळून चित्रासाठी सेकंदाला १७.२८ गिगाबिट मिळतात. २५६० × १४४० चा, ६० हर्ट्झचा एक मॉनिटर त्यातले सुमारे ५.८ घेतो. दोन आरामात बसतात. तिसरा जोडला की बेरीज १७.४ च्या आसपास जाते आणि तो अगदी थोडक्यात बाहेर राहतो. १०८० च्या मॉनिटरला साधारण ३.६ लागतात, म्हणून तसे चार बसतात, अर्थात ग्राफिक्स कार्ड तितके मॉनिटर चालवत असेल तर. २०१४ च्या १.३ ने ही क्षमता दीडपट केली, तेव्हा कुठे १४४० च्या तिघांना जागा झाली.

यावर कुणी म्हणेल की महागडी केबल घेतली की काम भागते. ते खरे नाही. एमएसटीसाठी वेगळी केबल नसतेच. केबलवर छापलेल्या आवृत्तीपेक्षा ती किती वेग सांभाळते हे महत्त्वाचे. मात्र निकृष्ट किंवा फार लांब केबलवर दुवा आपोआप खालच्या वेगावर उतरतो. तिथे ८.६४ गिगाबिटच उरतात आणि १४४० चा दुसरा मॉनिटर काळा राहतो किंवा कमी रिझोल्यूशनवर अडकतो. आधी दुसरा मॉनिटर थेट संगणकाला जोडून पाहावा. तो नीट चालला, तर पहिली केबल बदलावी आणि पहिल्या मॉनिटरच्या मेनूत एमएसटी किंवा ‘डीपी १.२’ चालू आहे का ते बघावे. बऱ्याच मॉनिटरांत ते बंदच येते. शिवाय ‘डीपी आउट’ नसलेला मॉनिटर साखळीच्या शेवटीच बसतो. यूएसबी-सी हबमध्ये आणखी एक अडचण असते: वेगवान यूएसबीसाठी दोन लेन राखल्या की चित्राला दोनच उरतात, म्हणजे क्षमता निम्मी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हिशेब जुळूनही मॅकवर दोन्ही मॉनिटरांवर तेच चित्र दिसते. कारण मॅकओएस एमएसटीने वाढीव डेस्कटॉप देत नाही. इंटेलच्या त्याच मॅकवर विंडोज चालवले की तीच साखळी चालते, म्हणजे दोष तारेचा नाही. अशा वापरकर्त्याने हब घेऊ नये. थंडरबोल्ट डॉक घ्यावा, पण त्याआधी आपला मॅक किती बाहेरचे मॉनिटर चालवतो हे तपासावे. पहिल्या एम१ वर डॉक लावूनही लॅपटॉपला एकच बाहेरचा मॉनिटर मिळतो.