मटण, चिकन आणि कुकरची वाफ

कुकरमधले मटण किती शिट्यांत शिजते, या प्रश्नाला घरोघरी वेगळे उत्तर मिळते. कोणी चार सांगतो, कोणी आठ, आणि दोघांचेही मटण चांगले शिजलेले असते. याचे कारण असे, की शिटी हे वेळेचे मापच नाही. कुकरच्या आत दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की वरचे वजन उचलले जाते, थोडी वाफ बाहेर पडते आणि वजन पुन्हा बसते. आच मोठी असेल तर हे मिनिटभरात पुन्हा घडते. मंद असेल तर पाच-सहा मिनिटे शिटी होत नाही. त्यामुळे मोठ्या आचेवरच्या पाच शिट्या सात-आठ मिनिटांत संपतात, तर मंद आचेवरच्या पाच शिट्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मांसाच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली शिटी झाली की आच मंद करावी आणि तिथून पुढे मिनिटे मोजावीत, हा हिशेब कोणत्याही कुकरला लागू पडतो.

नेहमीच्या घरगुती कुकरमध्ये दाब पूर्ण चढल्यावर आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. या वीस अंशांचा फायदा मुख्यतः मांसातल्या एका घटकाला होतो, तो म्हणजे कोलॅजेन. स्नायूंच्या तंतूंभोवतीची पांढरी आवरणे, सांध्याजवळचे चिवट पडदे आणि हाडाला मांस बांधून ठेवणारे दोर या कोलॅजेनचे असतात. ओल्या उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटीन होते. मटण मऊ लागते आणि रस्सा बोटांना किंचित चिकटतो, तो या जिलेटीनमुळे. स्नायूंच्या तंतूंचे मात्र उलटे होते. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते आवळतात आणि आपल्यातले पाणी बाहेर ढकलतात. म्हणजे एकाच भांड्यात कोलॅजेन सैल होत असते आणि तंतू कोरडे पडत असतात. कोलॅजेन पुरते विरघळेल, पण तंतूंचा चोथा होणार नाही, असा थांबा शोधणे हेच मांस शिजवण्याचे कसब आहे.

जनावराचे वय आणि तुकड्याची जागा यांवर हा थांबा ठरतो. वय वाढेल तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांत अधिक घट्ट गुंतत जातात, आणि ज्या अवयवाला चालण्याचे श्रम जास्त, त्यात ते अधिक असते. कोवळ्या बोकडाच्या मटणाला पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर १८ ते २० मिनिटे पुरतात. जून बोकडाला किंवा मेंढीच्या मटणाला ३० मिनिटे, क्वचित त्याहूनही जास्त वेळ लागतो. पायांना तर पाऊण तासही द्यावा लागतो. योगायोग असा, की १६७९ साली दनी पापँ याने कुकरचा जो पूर्वज बनवला, तो मुळात हाडे मऊ करण्यासाठीच होता.

एक किलो मटणाचा हिशेब मांडून पाहता येतो. तुकडे खांदा, मांडी आणि नळीचे मिसळ घेतले आहेत आणि कुकर पाच लिटरचा आहे. तेलावर कांदा, आले-लसूण, हळद आणि मीठ घालून मटण परतले, की त्याला स्वतःचे पाणी सुटते. ते बरेचसे आटल्यावर दोन कप गरम पाणी घालून झाकण लावायचे. आठ-दहा मिनिटांत पहिली शिटी येते. आच मंद करून २० मिनिटे ठेवायचे आणि गॅस बंद करायचा. यानंतरची पंधरा मिनिटे कुकरला हात लावायचा नाही. वाटण वेगळे परतून त्यात हे मटण सुपासकट घातले आणि दहा मिनिटे उकळी दिली, की रस्सा तयार होतो. वाटण आधीच कुकरमध्ये घातले तर ते तळाला लागण्याची भीती असते, आणि शिटीतून मसाला उडतो तो वेगळाच.

मटणाची परीक्षा नळीच्या टोकाशी होते. तिथले मांस हाडावरून मागे सरकलेले असेल आणि तुकडा दोन बोटांत दाबल्यावर रेषेत सुटत असेल, तर ते शिजले. दाबल्यावर तुकडा रबरासारखा परतत असेल, तर अर्धा कप गरम पाणी घालून पुन्हा शिटी आणावी आणि पाच-सात मिनिटे द्यावीत. कमी शिजलेले सुधारता येते, जास्त शिजलेले नाही.

ती पंधरा मिनिटे थांबायचे कशासाठी? गॅस बंद झाला तेव्हा आतला रस्सा १२० अंशांवर आहे, पण दाबामुळे जेमतेम उकळतो आहे. शिटी चमच्याने उचलून वाफ सोडली, की दाब एकदम पडतो आणि तोच रस्सा खळखळून उसळतो. एक लिटर पाण्यातले सुमारे ३५ ग्रॅम त्या काही क्षणांत वाफ होते, आणि तेवढ्या पाण्याची वाफ जवळजवळ साठ लिटर भरते. हीच उकळी तुकड्याच्या आतल्या पाण्यालाही येते. वाफ तंतूंमधून वाट काढत निघते, सोबत रस नेते, आणि मऊ झालेला तुकडा चिरफाळतो. भांड्यातल्या घुसळणीने चरबीही रश्श्यात मिसळून तो गढूळ होतो. अळणी सूप नितळ हवे असेल त्याला हे मुळीच परवडत नाही. वाफ आपोआप जिरू दिली, तर दाब आणि तापमान बरोबरीने उतरतात. शिवाय शंभरच्या वर असेतो कोलॅजेन विरघळतच राहते, म्हणजे गॅस बंद असतानाही मटण शिजत असते.

झाकणावर गार पाणी ओतणे सौम्य असते, हा समज मात्र खरा नाही. पाण्याने आतली वाफ निवते, दाब झटकन पडतो आणि रस्सा तसाच उसळतो. मसाला बाहेर उडत नाही एवढाच काय तो फरक. विजेवरच्या कुकरला तर हा उपाय लावूच नये.

चिकनचे गणित वेगळे आहे. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिच्यात कोलॅजेन थोडे, आणि तेही कोवळे. एक किलो हाडासकट चिकनला पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर चार-पाच मिनिटे पुरे होतात. पाणी अर्धा कप घालावे, कारण कोंबडीलाच बरेच सुटते. इथे पूर्ण वाफ जिरेपर्यंत थांबले, तर ती दहा-पंधरा मिनिटेही शिजण्यातच जमा होतात, आणि छातीचे तुकडे दोऱ्यादोऱ्यांचे होऊन रश्श्यात तरंगतात. म्हणून गॅस बंद केल्यावर पाच मिनिटे थांबावे, तोवर दाब बराच उतरतो. मग शिटी थोडी थोडी उचलून उरलेली वाफ सोडावी. हात आणि चेहरा वाफेच्या वाटेत येऊ देऊ नये. झाकण सहज सरकत नसेल तर जोर लावू नये, आत दाब शिल्लक असतो.

गावरान कोंबडीला हा नियम नाही. अंडी देऊन झालेली, अंगणभर हिंडलेली कोंबडी स्वभावाने मटणाच्या जवळची. तिला पहिल्या शिटीनंतर १५ ते २० मिनिटे लागतात आणि वाफही आपोआप जिरू द्यावी लागते. ब्रॉयलर मात्र झाकण ठेवलेल्या साध्या पातेल्यातही अर्ध्या तासात शिजते. दाब चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ धरला, तर कुकर तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचवत नाही.