ऑक्सिजन वाढवला कोणी?

शेवाळाने हिरवट झालेल्या तळ्याच्या पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन दर तीन तासांनी मोजायचा, हे पर्यावरणशास्त्राचे नेहमीचे प्रात्यक्षिक. समजा, सकाळी ६ वाजता पाणी २४ अंश सेल्सिअस आणि ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम भरला. दुपारी ३ वाजता तेच आकडे ३० अंश आणि ११ मिलिग्रॅम झाले. आलेखावर ठिपके सरळ वर चढतात आणि विद्यार्थी अहवालात लिहून मोकळा होतो: ‘तापमान वाढल्यामुळे ऑक्सिजन वाढला.’

दोन्ही आकडे बरोबर वाढले, हे खरे; तो झाला सहसंबंध. घोटाळा आहे ‘मुळे’ या दोन अक्षरांत.

पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २४ अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ८.४ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे नुसत्या तापमानाच्या हिशेबाने दुपारचा आकडा घटायला हवा होता. मोजलेल्या ऑक्सिजनला या कमाल आकड्याने भागले, तर सकाळी पाणी निम्मेही भरलेले नव्हते आणि दुपारी ते जवळजवळ दीडपट भरले होते. एवढा जादा ऑक्सिजन हवेतून येऊच शकत नाही. तो पाण्यातच तयार झालेला असतो.

तो तयार करते शेवाळ, उन्हाच्या जोरावर. ऊनच पाणी तापवते आणि तेच प्रकाशसंश्लेषणही घडवते, म्हणून दोन्ही आकडे जोडीने चढतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण शेवाळ, मासे आणि जिवाणू यांचे श्वसन चालूच राहते. अशा तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ते यामुळेच.

ही शंका तपासण्याची सोपी रीत आहे. एकाच वेळी काढलेले तळ्याचे पाणी काचेच्या दोन बाटल्यांत बुडबुडा न राहू देता भरायचे. एक बाटली काळ्या कापडाने पूर्ण झाकायची आणि दोन्ही तळ्यात एकाच खोलीवर काही तास टांगायच्या. तापमान दोन्हींत जवळपास सारखे, फरक फक्त उजेडाचा. उघड्या बाटलीत ऑक्सिजन वाढला आणि झाकलेलीत घटला, तर वाढीचे श्रेय उजेडाला द्यायला भक्कम आधार मिळतो.

या चाचणीलाही मर्यादा आहे. बंद बाटलीत वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही आणि तळाचा गाळही नसतो, त्यामुळे साऱ्या तळ्याचा हिशेब तिच्यावरून मांडता येत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनी निरीक्षणात ‘दोन्ही एकत्र वाढले’ एवढेच लिहावे, शेजारी त्या वेळच्या उन्हाची नोंद करावी आणि ‘मुळे’ हा शब्द बाटल्यांची चाचणी झाल्यावरच निष्कर्षात आणावा.