प्रोटीन कमी करा म्हणजे नुसतं गोश्त बंद करा असं नाही

किडनीचा आजार असलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, "प्रोटीन कमी घ्या." आपल्या घरात याचा अर्थ लगेच ठरतो : गोश्त बंद. मग अम्मीच्या ताटात सालनच्या जागी वाटीभर घट्ट डाळ येते आणि कमजोरी येऊ नये म्हणून रात्री एक ग्लास दूध. घरातल्यांना वाटतं परहेज चाललंय, पण हिशेब मांडला की दुसरंच दिसतं.

समजा अम्मीचं वजन ५८ किलो आहे, डायलिसिस सुरू नाही आणि डॉक्टरांनी दिवसाला ४० ग्रॅम प्रोटीनची मर्यादा दिली आहे. इथे पहिली गल्लत होते. ४० ग्रॅम प्रोटीन म्हणजे ४० ग्रॅम गोश्त नव्हे. बिनहाडाच्या १०० ग्रॅम कच्च्या गोश्तात, मग ते चिकन असो की मटण, साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं. बाकी मुख्यतः पाणी आणि चरबी. वजन शिजवण्याआधीच करायचं, कारण शिजताना पाणी निघून जातं, बोटी आक्रसते, पण प्रोटीन जवळजवळ तेवढंच राहतं. शिजलेली बोटी तोलून कच्च्याचा आकडा लावला तर हिशेब कमी येतो. हाडासकट तोलू नये हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट बहुतेक जण मोजतच नाहीत, ती म्हणजे चपाती आणि भात. ३० ग्रॅम आट्याच्या एका चपातीत सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन असतं आणि ५० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या भातात सुमारे ४ ग्रॅम.

आता दिवस मांडून बघू या. दोन वेळच्या चहात मिळून १०० मिली दूध, म्हणजे ३ ग्रॅम. नाश्त्याला दोन चपात्या आणि भाजी, ७ ग्रॅम. दुपारी एक चपाती, ५० ग्रॅम तांदळाचा भात, २० ग्रॅम कच्च्या तूरडाळीचं पातळ वरण (सुमारे साडेचार ग्रॅम) आणि भाजी, सगळं मिळून १३. रात्री दोन चपात्या, थोडी भाजी आणि ५० ग्रॅम बिनहाडाचं गोश्त, म्हणजे दोन मध्यम बोट्या, १७ ग्रॅम. बेरीज झाली ४०.

यात पाच चपात्या आणि भाताचेच १९ ग्रॅम आहेत. जवळपास निम्मा कोटा धान्यातच गेला, तरी दोन बोट्या बसल्या.

आता सुरुवातीचं परहेज मोजा. गोश्त आणि पातळ वरण काढलं तर ४० मधून साडेचौदा ग्रॅम कमी झाले. त्या जागी दोन वेळा ४० ग्रॅम कच्च्या डाळीची घट्ट वाटी आली, म्हणजे १८ ग्रॅम, आणि २०० मिली दुधाचे ६. दिवसाची बेरीज जवळपास ५० झाली. गोश्त एक तुकडाही न खाता मर्यादा ओलांडली! दालचा आणि हलीममध्ये तर डाळ आणि गोश्त दोन्ही मोजावे लागतात.

बदली करायची तर आकड्याने करा. ज्या रात्री बोट्या नकोत, तेव्हा एक अंडं (६ ग्रॅम) आणि शंभर ग्रॅम दही (३ ग्रॅम), म्हणजे ९. बकरी ईदच्या दिवशी दोन बोट्यांच्या चार झाल्या तर दहा ग्रॅम वाढले. त्या दिवशी वरण आणि दुधाचा चहा बाजूला ठेवले तर साडेसात परत मिळतात, पूर्ण दहा नाही. म्हणून तीनच बोट्या बऱ्या. शोरबा पिऊन भागवू नये, कारण त्यात प्रोटीन कमी असलं तरी मीठ आणि पोटॅशियम असू शकतं.

उलट बाजूचीही चूक होते. घाबरून माणूस दोन चपात्यांवर येतो. अन्न कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू वापरू लागतं, आणि त्याचा भार पुन्हा किडनीवरच. वजन घटतंय, कपडे सैल होतायत, जिना चढताना पाय थरथरतात, असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. पोट भरण्यासाठी साबुदाणा चालू शकतो, त्यात प्रोटीन नावापुरतंच असतं, आणि भाजीत तेल थोडं वाढवता येतं. पण शुगर असेल तर साबुदाणा विचारल्याशिवाय नको.

४० हा आकडा वरच्या उदाहरणातल्या अम्मीचा आहे, शेजारच्या खालाजानचा वेगळा असेल. आणि डायलिसिस सुरू झालं की हिशेबच उलटतो : त्यात प्रोटीन शरीराबाहेर जातं, म्हणून डॉक्टर बहुधा ते वाढवायला सांगतात. अशा माणसाने जुना कागद फ्रिजवर लावून ठेवू नये, आहारतज्ज्ञाकडून नवा लिहून घ्यावा.