अहवालातला टक्का कशाचा, ते आधी पाहा

मार्च संपला की हिशेबाची तपासणी होते आणि पुढे सप्टेंबरपर्यंत बँका, पतसंस्था व सोसायट्या यांच्या सर्वसाधारण सभा उरकतात. सभेआधी सभासदांच्या घरी वार्षिक अहवाल येतो. आमच्या जुन्या शहरात असा अहवाल बहुतेक दुकानांत गल्ल्याशेजारी पडलेला दिसतो. त्याची पहिली दोन पाने, म्हणजे अध्यक्षांचे मनोगत, सगळे वाचतात. मागचा ताळेबंद फार थोडे वाचतात. मनोगतात टक्के असतात आणि ताळेबंदात रुपये असतात. या दोन्हींचा मेळ कसा घालावा, एवढेच आज सांगायचे आहे.

आम्ही कापडवाले, म्हणून सुरुवात कापडापासूनच करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांवरच्या तयार कपड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. चार हजारांची एक शेरवानी घ्या. पूर्वी तिच्यावर ४८० रुपये कर होता, आता ७२० रुपये होतो. यावर तीन माणसे तीन गोष्टी बोलतील. एक म्हणेल, कर ६ टक्क्यांनी वाढला. दुसरा म्हणेल, कर ५० टक्क्यांनी वाढला, कारण ४८० चे ७२० झाले. तिसरा गिऱ्हाईक असेल. त्याचे बिल ४,४८० वरून ४,७२० झाले, म्हणून तो म्हणेल की आम्हाला शेरवानी साधारण साडेपाच टक्क्यांनी महाग पडली. गुणाकार-भागाकारात तिघांपैकी कोणी चुकलेला नाही. मात्र पहिल्याने शब्द चुकीचा वापरला.

आमच्या उर्दू शाळेत टक्क्याला ‘फीसद’ म्हणत, म्हणजे शंभरामागे. मराठीत जुनी माणसे ‘शेकडा’ म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. दोन्ही शब्द ऐकले की लगेच विचारावेसे वाटते, शंभर कशाचे? १८ टक्के म्हणजे कपड्याच्या शंभर रुपयांमागे १८. पन्नास टक्के वाढ म्हणजे जुन्या कराच्या शंभर रुपयांमागे ५०. आणि १२ चे १८ झाले, यातले मधले ६ हे टक्के नव्हेत, ती दोन टक्क्यांमधली वजाबाकी आहे. तिला टक्केबिंदू म्हणतात, इंग्रजी अहवालात पर्सेंटेज पॉइंट. याच बिंदूचे शंभर भाग केले की एका भागाला बेसिस पॉइंट म्हणतात. म्हणजे २५ बेसिस पॉइंट हा आपला पाव टक्का. तेव्हा कराचा दर ६ टक्केबिंदूंनी वाढला आणि कराची रक्कम ५० टक्क्यांनी वाढली, असे लिहिले की घोटाळा राहत नाही.

अहवालात हा घोटाळा बहुतेक वेळा लबाडीने होत नाही. लिहिणाऱ्यालाच फरक ठाऊक नसतो. पण एक सवय आमच्या ध्यानात आली आहे, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. बातमी चांगली असली की ती टक्क्यांत येते आणि वाईट असली की बिंदूंत येते, आणि तीही ‘टक्के’ हा शब्द लावूनच. लाभांश ८ वरून १० टक्के केला, तर मनोगतात ‘लाभांशात २५ टक्के वाढ’ असे छापले जाते. हिशेबाने ते खरे आहे. पण दहा हजारांचे भाग असलेल्या सभासदाला ८०० ऐवजी १,००० रुपये मिळतात, अडीच हजार मिळत नाहीत. त्याच अहवालात बुडीत होऊ घातलेल्या कर्जाचे प्रमाण ४ वरून ६ टक्के झाले असेल, तर तिथे ‘केवळ २ टक्के वाढ’ असे येते. तिथेही आधीच्याच रीतीने मोजले तर ती वाढ ५० टक्के आहे. एका पानावर एक माप आणि दुसऱ्या पानावर दुसरे माप दिसले की पेन्सिल हातात घ्यावी.

आता खरे आकडे घेऊ. बँक ऑफ महाराष्ट्र ही १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक. आता ती सरकारी आहे आणि तिचे आकडे सर्वांना पाहायला मिळतात. मार्च २०२४ अखेर तिच्या ढोबळ एनपीएचे, म्हणजे थकून अनुत्पादित झालेल्या कर्जांचे, एकूण कर्जांशी प्रमाण १.८८ टक्के होते. मार्च २०२५ अखेर ते १.७४ टक्के झाले. आधी वजाबाकी करा. फरक ०.१४ टक्केबिंदूंचा, म्हणजे १४ बेसिस पॉइंटांचा आहे. नंतर भागाकार करा. ०.१४ ला जुन्या १.८८ ने भागले की साधारण साडेसात टक्के येतात. म्हणजे प्रमाण ०.१४ टक्केबिंदूंनी घटले, किंवा साडेसात टक्क्यांनी घटले. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण कोणी ‘एनपीए साडेसात टक्क्यांनी घटला’ असे म्हणाले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की थकलेली रक्कमच तेवढी कमी झाली.

म्हणून तिसरी पायरी घेतलीच पाहिजे, आणि नेमकी तीच लोक टाळतात. प्रमाणाला त्याच्या खालच्या आकड्याने गुणून रुपये काढावेत. बँकेची एकूण कर्जे मार्च २०२४ मध्ये सुमारे २ लाख ४ हजार कोटी होती. त्यांचे १.८८ टक्के म्हणजे जवळजवळ ३,८३५ कोटी. मार्च २०२५ मध्ये कर्जे सुमारे २ लाख ४० हजार कोटी झाली. त्यांचे १.७४ टक्के म्हणजे जवळजवळ ४,१७५ कोटी. तेव्हा प्रमाण घटले, पण थकलेली रक्कम साधारण ९ टक्क्यांनी वाढली. कर्जे मात्र त्याच वर्षात सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, म्हणून प्रमाण खाली आले. यात बँकेचा दोष काही नाही. धंदा वाढला की थकबाकीचे रुपये थोडे वाढतातच, आणि दोन्ही आकडे बँकेने उघडपणे दिलेले असतात. वाचणाऱ्याने मात्र हे ओळखावे की प्रमाण दोन वाटांनी उतरते, वरचा आकडा घटून किंवा खालचा आकडा फुगून. मार्च २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात याच बँकेचे प्रमाण ३.९४ वरून २.४७ वर आले. तेव्हा रुपयांतही घट झाली होती, सुमारे ५,३०० कोटींवरून ४,३०० कोटींवर. दोन्ही वर्षांचे वर्णन ‘एनपीए घटला’ या एकाच वाक्यात होईल, पण घडले ते वेगवेगळे.

नव्या कर्जांबाबत एक गोष्ट आणखी पाहावी लागते. ज्याने या वर्षी कर्ज घेतले तो या वर्षी सहसा थकत नाही, थकायला वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून कर्जे फार वेगाने वाढवणाऱ्या संस्थेचे प्रमाण पहिली काही वर्षे आपोआप चांगले दिसते.

टक्क्यांत दशांशाचा हट्ट धरू नये, हेही इथेच सांगतो. १.७४ हा आकडा स्वतःच दोन घरांपर्यंत आखडलेला आहे. तो मुळात १.७३५ ही असू शकतो आणि १.७४४ ही. त्यामुळे फरक ०.१३ पासून ०.१५ पर्यंत कुठेही निघू शकतो आणि साडेसात टक्क्यांच्या जागी ७ किंवा ८ येऊ शकतात. लहान आकड्यांच्या फरकावरून ‘७.४५ टक्के सुधारणा’ असे कोणी छापले असेल तर त्यातला शेवटचा अंक शोभेचा समजावा.

नफ्याच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिथे टक्केबिंदू नसतात, पण मागच्या वर्षाचा आकडा लहान असला की टक्का उगाच मोठा होतो. याच बँकेला २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटींचा तोटा झाला आणि २०१९-२० मध्ये ३८९ कोटींचा नफा झाला. ही वाढ किती टक्के? काहीच सांगता येत नाही. भागाकाराचा खटाटोप केला तर उणे १०८ टक्के असे उत्तर येते, म्हणजे बँक तोट्यातून नफ्यात आली आणि चिन्ह मात्र उणे. तोट्यावरून नफ्याचा टक्का काढायचाच नसतो. तिथे फक्त रुपये लिहावेत.

पुढची वर्षे पाहा. २०२१-२२ मध्ये नफा १,१५२ कोटी, २०२२-२३ मध्ये २,६०२ कोटी, २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटी. टक्क्यांत वाढ आधी १२६, मग ५६, मग ३६. नुसते टक्के वाचणारा म्हणेल की बँकेचा दम उतरत चालला. रुपयांत वजाबाकी करून पाहा. १,४५० कोटी, १,४५३ कोटी, १,४६५ कोटी. तिन्ही वर्षे वाढ जवळजवळ सारखीच आहे. फक्त ज्या आकड्याने भागले तो दरवर्षी मोठा होत गेला. आमच्याकडे नवे दुकान पहिल्या ईदला वीस हजारांची विक्री करते आणि दुसऱ्या ईदला चाळीस हजारांची, तेव्हा मालक दुप्पट झाल्याचा आनंद सांगतो. शेजारचे पन्नास वर्षांचे दुकान तेवढेच वीस हजार जास्त विकते आणि त्याच्या हिशेबात ते दोन टक्केही नसतात.

शेवटी एक जागा, जिथे टक्का बरोबर, बिंदू बरोबर, रुपयेही बरोबर, आणि तरी चित्र अपुरे असते. थकलेले कर्ज वसूल झाले की एनपीए घटतो. पण ते निर्लेखित केले, म्हणजे पुस्तकातून काढून टाकले, तरी तो तेवढाच घटतो. बँकेच्या अहवालात मागच्या टिपांमध्ये एनपीएच्या हालचालीचा एक तक्ता असतो. वर्षारंभीची रक्कम, वर्षात आलेली भर, वसुली, सुधारून पुन्हा नियमित झालेली कर्जे, निर्लेखन आणि वर्षअखेरची रक्कम अशा ओळी त्यात असतात. कल्पनेने आकडे घेऊ. आरंभी १०० लाख, भर ४० लाख, वसुली १५ लाख, नियमित झालेली ५ लाख, निर्लेखन ५० लाख, तर अखेर ७० लाख. मनोगतात ‘एनपीएत ३० टक्के घट’ असे येईल आणि कोणी त्याला खोटे म्हणू शकणार नाही. तक्ता मात्र सांगतो की प्रत्यक्ष २० लाख सुटले, नवे ४० लाख अडकले, आणि उरलेले काम खोडरबराने केले. निर्लेखित कर्जाची वसुली पुढेही चालू राहू शकते, म्हणून निर्लेखन म्हणजे माफी असे समजू नये. सभेत विचारायचेच झाले, तर टक्क्याबद्दल विचारण्यापेक्षा त्या तक्त्यातली वसुलीची आणि निर्लेखनाची ओळ वाचून दाखवायला सांगावे, आणि निर्लेखित रकमेपैकी आजवर किती परत आली ते विचारावे.