दोन पाइपांमध्ये अंतर किती?

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठची काळी रानं पाणथळ झाली, वर मीठ फुटलं आणि ऊस पिवळा पडू लागला, की जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालण्याचा विषय निघतो. मग पहिला प्रश्न येतो तो अंतराचा. दोन पाइपांमध्ये किती जागा सोडायची? उत्तर बहुतेक वेळा बांधापलीकडून येतं: शेजाऱ्यानं जेवढी सोडली तेवढी. पण बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची माती पाणी सारख्याच वेगानं सोडेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

अंतराचा थेट संबंध खिशाशी आहे. पाइप ३० मीटरवर घातले तर एकराला साधारण १३५ मीटर लागतात; १५ मीटरवर घातले तर २७०. जवळ घातले तर पैसा मातीत जातो आणि लांब घातले तर दोन पाइपांच्या मधला पट्टा ओलाच राहतो.

मधला पट्टा ओला का राहतो? पाइपाजवळचं पाणी चटकन उतरतं, लांबचं हळूहळू येतं. त्यामुळे जमिनीखालची पाण्याची पातळी सपाट न राहता कमानीसारखी होते: पाइपांपाशी खाली, बरोबर मध्यावर सर्वांत वर. पिकाच्या मुळांना खरा धोका या मध्यावर असतो. म्हणून अंतराचा हिशेब म्हणजे मध्यावरचं पाणी मुळांच्या खाली ठेवण्याचा हिशेब.

तो मांडण्याची रीत हॉलंडमध्ये तयार झाली. एस. बी. हूगहाउट या मृदाशास्त्रज्ञानं १९४० मध्ये प्रसिद्ध केलेलं सूत्र आजही जगभर वापरतात:

```
L² = (8·K·d·h + 4·K·h²) / q
```

L म्हणजे पाइपांतलं अंतर. K म्हणजे मातीतून पाणी वाहण्याचा वेग, मीटर प्रतिदिन. h म्हणजे मध्यावरचं पाणी पाइपाच्या पातळीपेक्षा किती उंच चालेल ते. q म्हणजे दररोज किती पाणी बाहेर काढायचं आहे ते. d कडे नंतर येऊ.

एक रान उदाहरणादाखल घेऊ. पाइप १.२ मीटर खोल घालायचे आहेत आणि मध्यावरचं पाणी जमिनीपासून ०.७ मीटरच्या वर येऊ द्यायचं नाही. म्हणजे h झाला ०.५ मीटर. उसाला दर दहा दिवसांनी ८० मिलिमीटर पाणी दिलं जातं आणि त्यातला पाव हिस्सा मुळांखाली झिरपतो असं धरलं, तर दहा दिवसांत २० मिलिमीटर, म्हणजे रोज २ मिलिमीटर पाणी काढायला हवं. आकडा किरकोळ वाटतो, पण एकरी हे रोजचं आठ हजार लिटर पाणी आहे.

आता K. हा आकडा कोणत्याही तक्त्यातून उचलता येत नाही. तो त्याच रानात मोजावा लागतो. त्यासाठी हातानं फिरवायच्या ऑगरनं आठ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली नेतात. भोकात पाणी भरून स्थिर झालं, की ते बादलीवजा नळीनं उपसायचं आणि पाणी पुन्हा किती वेगानं चढतं ते घड्याळ लावून पाहायचं. समजा, स्थिर पाणी भोकाच्या तळापासून ६० सेंटिमीटर आहे. उपसल्यावर, पातळी स्थिर पाण्याच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली असताना, शंभर सेकंदांत पाणी साडेतीन सेंटिमीटर चढलं, तर K येतो साधारण ०.३ मीटर प्रतिदिन. ही मोजणी पाणी वर असताना, पावसाळा सरल्यावर करणं सोयीचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगांतून धावणाऱ्या पाण्याला मातीचा वेग समजलं तर हिशेब फसतो.

एका भोकावरही विसंबता येत नाही. एकाच रानात पाच ठिकाणी ०.१, ०.२, ०.३, ०.५ आणि ०.९ असे आकडे सहज येऊ शकतात. त्यांची साधी सरासरी ०.४ येते, पण एकटं ०.९ ती वर ओढतं. म्हणून इथे भूमितीय सरासरी घेतात. ती सुमारे ०.३ येते. आपल्या रानात या फरकानं अंतर ३७ मीटरवरून ३१ मीटरवर येतं.

राहिला d. पाइपाखाली दोन मीटरवर पाणी न सोडणारा घट्ट थर आहे असं समजू. मग हे दोन्ही मीटर पाणी वाहून आणतील असं वाटतं. पण ८० मिलिमीटरच्या पाइपात शिरताना सगळ्या बाजूंचं पाणी एका चिंचोळ्या जागी गर्दी करतं आणि तिथे त्याला जादा अडथळा होतो. हूगहाउटनं हा अडथळा हिशेबात धरण्यासाठी खऱ्या खोलीऐवजी तिच्यापेक्षा कमी अशी एक सममूल्य खोली घेतली. तीच d. गंमत अशी, की d काढायला अंतर माहीत हवं आणि अंतर काढायला d. म्हणून अंदाजानं सुरुवात करायची. d ऐवजी पूर्ण दोन मीटर घेतले तर अंतर ३७ मीटर येतं. ३७ मीटरसाठी d येतो १.४५ मीटर, तो घातला की अंतर ३२ मीटर. पुन्हा एक फेरी केली की ३१, आणि तिथे आकडा थांबतो. शेतात ३० मीटर धरायला हरकत नाही.

आता हेच रान चोपण असतं तर? सोडियममुळे चिकणमातीचे कण फुगून सुटे होतात, भोकं बुजतात आणि K पार घसरतो. तो ०.३ चा ०.०७५ झाला, तर अंतर जेमतेम १४ मीटर उरतं आणि खर्च दुपटीवर जातो. अशा रानात जिप्सम टाकून माती मोकळी केल्याशिवाय नुसते पाइप पुरे पडत नाहीत.

पाइप आणखी खोल घातले तर अंतर वाढवता येतं. १.२ ऐवजी १.५ मीटर खोली घेतली तर याच रानात सुमारे ४० मीटर चालतं. मात्र पाइपाचं तोंड ज्या ओढ्यात सोडायचं, त्याचं पाणी तोंडाच्या खाली असायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. अशा पुरात बुडालेल्या तोंडातून पाणी बाहेर पडत नाही, मग अंतर कितीही नेमकं असो.

अंतर बरोबर निघालं का, हे पाइप घातल्यावर तपासता येतं. सच्छिद्र नळ्या उभ्या रोवायच्या: एक पाइपाच्या लगत, एक दोन पाइपांच्या मध्यावर. पाणी दिल्यानंतर रोज दोन्हींतली पातळी फूटपट्टीनं मोजायची. पाइपालगत पाणी उतरलं पण मध्यावर तुंबलं, तर अंतर जास्त झालं किंवा माती मोजणीपेक्षा घट्ट निघाली. पाइपालगतही पाणी चढलेलंच असेल, तर दोष अंतराचा नसतो. गाळणीचं कापड गाळानं बुजलं आहे, पाइप कुठे दबला आहे, किंवा तोंड बंद आहे. पहिल्या प्रकारात मध्ये आणखी एक ओळ घालून ३० मीटरचे १५ करता येतात. दुसऱ्या प्रकारात तेच केलं तर पैसे वाया जातात, कारण आधी पाइप उघडून पाहायला हवा असतो.