तीन मिनिटं, अकरा प्रश्न

पीएचडीच्या चौथ्या वर्षी मी थ्री मिनिट थीसिस, म्हणजे थ्रीएमटीच्या विद्यापीठातल्या पहिल्या फेरीत उतरले आणि तिथेच बाहेर पडले. भाषण पाठ होतं, अडखळले नव्हते, लोक हसलेही होते. मग परीक्षकांचा शेरा वाचला: "यातून काय सापडलं, ते कळलं नाही." मला राग आला. निष्कर्ष तर मी सांगितला होता!

थ्रीएमटी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. तेव्हा तिथे दुष्काळ होता आणि पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावत. कल्पना तिथून आली. आता अमेरिकेतही पुष्कळ विद्यापीठांत ही स्पर्धा होते. नियम थोडके: एकच स्थिर स्लाइड, हातात काही वस्तू नाही, आणि तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद.

गुणांचे निकष उघड असतात. आमच्या कागदावर दोन गट होते, आशय आणि संवाद, आणि दोन्ही मिळून अकरा प्रश्न. मी तो कागद स्पर्धेआधी वाचला होता, पण शेजारी ठेवून भाषण लिहिलं नव्हतं.

हरल्यावर मी चार रंगांचे पेन घेतले आणि भाषणातलं प्रत्येक वाक्य रंगवलं. विषय होता ज्वारी: फुलोऱ्याच्या दिवसांत उष्णता वाढली तर परागकण निकामी होतात आणि कणसात दाणा भरत नाही. भाषण ३९० शब्दांचं होतं. त्यात पार्श्वभूमीला २१० शब्द, पद्धतीला १३०, महत्त्वाला २८ आणि निष्कर्षाला २२. माझ्या बोलण्याच्या वेगाने २२ शब्द म्हणजे जेमतेम दहा सेकंद. परीक्षकाने तेवढ्यात खाली बघून काहीतरी लिहिलं, की निष्कर्ष गेला. शेरा बरोबर होता.

मग मी अकरा प्रश्नांची वर्गवारी केली. काहींना भाषणात स्वतःचं वाक्य लागतं: पार्श्वभूमी, निष्कर्ष, परिणाम. काही पूर्ण भाषणभर पसरलेले असतात: क्रम, वेग, नजर, उत्साह. त्यांना वेगळी जागा देता येत नाही, ते तालमीतच दिसतात. एक प्रश्न फक्त स्लाइडचा. माझ्या स्लाइडवर आलेख होता, तो मागच्या रांगेतून वाचता येत नव्हता. त्याऐवजी मी दोन कणसांचे फोटो शेजारी शेजारी लावले, एक भरलेलं, एक पोकळ. आता स्लाइड निष्कर्षाचंच काम करत होती.

सगळ्यात फसवा प्रश्न वेगळाच आहे: संशोधनाचं अतिसुलभीकरण तर केलं नाही ना? याला जागा लागत नाही असं वाटतं, पण लागते. मी एक वाक्य घातलं: "हे आम्ही नियंत्रित तापमानाच्या खोलीत पाहिलंय, शेतात वारा आणि ओलावा वेगळा असतो." सहा-सात सेकंद गेले, पण आता या निकषाला गुण देताना परीक्षकाकडे बोट ठेवायला एक वाक्य होतं.

नवी आखणी अशी झाली. पहिली ३५ सेकंदं पार्श्वभूमी: आजीच्या चुलीवरची भाकरी, आणि कॅन्ससमधली ज्वारी. पुढची १५ सेकंदं नेमका प्रश्न. पद्धतीला २०. मग ५० सेकंदं निष्कर्ष, त्यातच ते मर्यादेचं वाक्य. ४५ सेकंदं महत्त्व: उष्णता सोसणारं वाण निवडताना नुसतं पान बघून चालणार नाही, पराग तपासावा लागेल. उरलेली १५ सेकंदं रिकामी ठेवली, कारण लोक हसले की थांबावं लागतं.

जागा खरंच दिसते का, हे स्वतःला कळत नाही. आपल्याला उत्तर माहीत असतं, म्हणून ते ऐकूही येतं. माझी रूममेट अकाउंटिंगची. तिला निकषांचा कागद दिला, भाषण एकदाच ऐकवलं आणि म्हटलं, प्रत्येक प्रश्नापुढे तुला आठवतं ते वाक्य लिही. दोन रकाने कोरे राहिले. एक होता संज्ञांचा: "अगं, ते व्हायबिलिटी म्हणजे काय?" तो शब्द काढून "पराग जिवंत आहे का" असं केलं. दुसरा रकाना महत्त्वाचा होता. ते वाक्य होतं, पण मी ते घाईत गिळलं होतं. तिथे शब्द बदलले नाहीत, आधी एक श्वास घेतला.

एक धोका मात्र आहे. आखणी ऐकू यायला लागली की भाषणाचा फॉर्म होतो. "आता महत्त्वाकडे वळू या" असं मी एकदा म्हणून पाहिलं, रूममेटने लगेच फोन उचलला. परीक्षकाला निकषाची जागा सापडली पाहिजे, पण श्रोत्याला गोष्टच ऐकू आली पाहिजे.

आणि कागद तुमच्याच विद्यापीठाचा घ्या. काही ठिकाणी प्रश्न आणि त्यांचं वजन वेगळं असतं. माझी ५० सेकंदं तुमच्याकडे कदाचित ३० असतील.

पुढच्या वर्षी मी पहिली फेरी पार केली आणि अंतिम फेरीत हरले. या वेळी शेऱ्यात लिहिलं होतं, "आवाज शेवटी खाली जातो." निष्कर्षाबद्दल काही नव्हतं.