शिकवणीची वेळ आणि फी बदलताना

घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंचा निरोप एप्रिलअखेर पालकांच्या फोनवर येतो: 'नवीन वर्षापासून बॅचच्या वेळा बदलत आहेत आणि फीमध्ये १५ टक्के वाढ होत आहे. सहकार्य करावे.' निरोप सभ्य आहे, पण अपुरा आहे. त्यानंतर तासाभरात फोन सुरू होतात. नक्की कधीपासून? आमच्या मुलाची वेळ कोणती? आम्ही तीन महिन्यांची फी आधीच भरली आहे, तिचं काय? तीन पालकांनी एकच प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर निरोपात नव्हतं असं समजावं.

आधी वेळेचं पाहू. बहुतेक शिक्षक स्वतःच्या सोयीने वेळ ठरवून मग कळवतात आणि गडबड तिथेच होते. शिकवणीची वेळ खरं तर शाळेवर अवलंबून असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. ज्या शाळांनी त्यानुसार सत्रं हलवली, तिथल्या मुलांचा घरी यायचा तासही हलला. म्हणून निरोपाआधी प्रत्येक मुलाकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. शाळा किती वाजता सुटते, हे पहिलं. मूल प्रत्यक्ष घरी किती वाजता पोचतं, हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. शाळा पाचला सुटली तरी रिक्षाकाका सगळ्यांना सोडत येतात, तेव्हा शेवटच्या मुलाला पावणेसहा होतात. त्याला हातपाय धुऊन चार घास खायला वेळ हवाच. अशी दोन-तीन मुलं असतील, तर साडेपाचची बॅच कागदावर कितीही नीट बसली तरी रोज उशिराच सुरू होईल. तिथे सव्वासहाची वेळच योग्य.

फीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. टक्केवारीत सांगितलेली वाढ पालकाला स्वतः हिशेब करायला लावते. त्यापेक्षा जुनी रक्कम, नवी रक्कम आणि लागू होण्याची तारीख शेजारी शेजारी लिहावी. समजा, आठवीच्या गणिताची फी दरमहा १,००० रुपये होती आणि ती १,१५० करायची आहे. एका आईने जून ते ऑगस्टचे ३,००० रुपये आधीच दिले आहेत. तिच्याकडे फरकाचे ४५० रुपये मागता येतील का? माझ्या मते अजिबात मागू नयेत. पैसे घेताना जो दर सांगितला, तोच त्या तीन महिन्यांना लागू. तिच्यासाठी नवी फी सप्टेंबरपासून.

मध्येच फी वाढवण्याबद्दल केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये, आणि पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची रक्कम १० दिवसांत परत करावी. या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग क्लासेससाठी आहेत. चाळीस मुलांना शिकवणाऱ्या बाई त्यात येत नाहीत, पण फीवाढ जूनमध्येच करावी, दिवाळीनंतर नाही, हा नियम त्यांनीही पाळावा. ऑक्टोबरात दहावीच्या मुलाला दुसरी शिकवणी शोधणं जवळपास अशक्य असतं. तेव्हा वाढलेली फी पालक नाइलाजाने भरतात.

हे सगळं धरून आठवीचा निरोप असा होईल:

'नमस्कार. आठवी गणिताची बॅच १५ जूनपासून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ६:१५ ते ७:३० या वेळेत होईल (आत्ताची वेळ ५:३० ते ६:४५). फी जूनपासून दरमहा १,१५० रुपये (आत्ता १,०००). पुढच्या महिन्यांची फी आधीच भरलेल्यांना त्या महिन्यांसाठी जुनाच दर राहील. जागेचं भाडं वाढल्यामुळे ही वाढ करावी लागत आहे. वेळ जमत नसल्यास १० मेपर्यंत मला फोन करून सांगावं.'

कारण एका वाक्यात पुरतं, लांबलं की ती सबब वाटू लागते. प्रत्येक इयत्तेला वेगळा निरोप पाठवावा, कारण एकाच संदेशात चार बॅचच्या वेळा घातल्या की कुणीतरी दुसऱ्याच ओळीतली वेळ वाचतं. दोन भावंडांची सवलत किंवा कुणाला हप्ते करून देणं, या गोष्टी ग्रुपवर कधीच लिहू नयेत, त्या फोनवर बोलाव्यात. शिवाय मुलाच्या वहीत छापील चिठ्ठीही चिकटवावी. अनेक घरांत ग्रुपवरचा नंबर वडिलांचा असतो आणि मुलाला शिकवणीला पाठवते आई.

पालकांनाही एक विनंती आहे. वेळ जमत नसेल तर ते मेमध्येच सांगा. जून उजाडल्यावर बाईंना बॅच हलवायला जागाच उरत नाही.